यातली पॅम कोणती? बालहेरांच्या टोळीत कोण कोण, ते ओळखायचं कसं

माझ्या भाचीला रात्री झोपताना पुस्तक वाचून दाखवायचं काम काही महिने माझ्याकडे होतं. ती आठ वर्षांची, आणि मधेच थांबवून प्रश्न विचारण्यात पटाईत. एनिड ब्लायटनच्या ‘सीक्रेट सेव्हन’ मालिकेचं एक पुस्तक चालू होतं. सात मुलं शेडमध्ये जमली होती, परवलीचा शब्द सांगून एकेक जण आत येत होता, आणि मी आपला वाचत होतो. तिनं विचारलं, “मामा, पॅम म्हणजे कुठली?”

मी म्हणालो, “त्या सात जणांतली एक.”

“ते कळलं रे. पण कुठली?”

मला सांगता येईना. लहानपणी ही पुस्तकं मी पारायणं केल्यासारखी वाचली होती. पीटर, जॅनेट, जॅक, बार्बरा, जॉर्ज, पॅम, कॉलिन ही नावं आजही त्याच क्रमानं, पाढा म्हटल्यासारखी येतात. स्कॅम्पर हा सोनेरी स्पॅनियल कुत्रा डोळ्यांसमोर उभा राहतो. पॅम मात्र राहत नाही. बार्बराचं आणि तिचं काय वेगळं, हेही सांगता येत नाही. पंधरा पुस्तकं, 1949 ते 1963, आणि त्या मुलीबद्दल मला एक वाक्य बोलता येईना.

आधी वाटलं, वय झालं, विसरलो. मग कपाटातून तसल्याच इतर मालिका काढून चाळल्या. त्यातली मुलं लगेच वेगवेगळी ओळखू आली. म्हणजे दोष माझ्या स्मरणशक्तीचा नव्हता. टोळी लिहिण्याचं एक तंत्र असतं. ते कुठे जमलेलं असतं, कुठे नसतं, आणि वाचणाऱ्याला ते तपासताही येतं.

आधी एक गोष्ट मान्य करू. एकट्या हेराच्या गोष्टीत हा प्रश्न येतच नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा, सायकलवर भन्नाट सुटणारा, ‘ट्टॉक’ करणारा. सगळा प्रकाश त्या एकावरच. टोळी केली की लेखकाला तोच प्रकाश चार-पाच जणांत वाटावा लागतो, आणि हेरकथेत तो वाटण्याला जास्त महत्त्व असतं. कारण रहस्य उलगडतं ते ‘कोणी काय पाहिलं’ यावर. खिडकीतला माणूस कोणाला दिसला, चिठ्ठी कोणाच्या हाती पडली, खोटं कोणी पकडलं, हे लक्षात राहिलं नाही तर शेवटचा उलगडा म्हणजे नुसती घोषणा वाटते.

टीव्हीवर हे काम सोपं असतं. ‘स्कूबी-डू’ 1969 साली अमेरिकेत सुरू झालं आणि नंतर आपल्याकडेही मुलांनी ते भरपूर पाहिलं. तिथे लांबून, अंधारात, पळताना दिसले तरी कोण कोण आहे ते कळतं. वेल्मा बुटकी, चष्मेवाली, नारिंगी स्वेटरमधली. डॅफ्नी जांभळ्या कपड्यांतली. फ्रेडच्या गळ्यात नारिंगी स्कार्फ. शॅगी हिरव्या टीशर्टमधला, काटकुळा आणि वाकलेला. कपडे बदलत नाहीत, म्हणून लहान मूलही पहिल्या भागातच सगळ्यांना ओळखतं. वेल्माचा चष्मा पडतो तेव्हा तर ओळखीची खूण आणि कथेतली अडचण एकच होते.

पुस्तकात रंग दिसत नाहीत. लेखकानं पहिल्या पानावर ‘जॅनेटचे केस सोनेरी होते’ असं लिहिलं तरी तिसऱ्या पानापर्यंत वाचणारा ते विसरतो, कारण सोनेरी केसांचा पुढे काही उपयोग होत नाही. दिसण्यावरून चिकटवलेली चिठ्ठी अशीच गळून पडते. टिकतं ते जे पुन्हापुन्हा कामाला येतं. म्हणून लिखित मालिकेत मुलं वेगळी करायची तर त्यांची कामं वेगळी करावी लागतात.

याचं मी पाहिलेलं सगळ्यात उघड उदाहरण ‘थ्री इन्व्हेस्टिगेटर्स’चं आहे. रॉबर्ट आर्थर यांनी 1964 साली सुरू केलेली ही अमेरिकन मालिका. कॅलिफोर्नियातलं रॉकी बीच हे काल्पनिक गाव आणि तीन मुलगे. ते ओळखपत्र म्हणून एक छापील कार्ड देतात, त्यावर तीन प्रश्नचिन्हं असतात आणि खाली तिघांची नावं हुद्द्यांसकट. ज्युपिटर जोन्स, पहिला तपासनीस. पीटर क्रेन्शॉ, म्हणजे पीट, दुसरा तपासनीस. बॉब अँड्र्यूज, नोंदी आणि संशोधन. लेखकानं वाचकाच्या हातात टोळीचा नकाशाच ठेवला. जवळपास प्रत्येक पुस्तकात हे कार्ड कोणाला ना कोणाला दिलं जातं, त्यामुळे मधल्याच पुस्तकापासून वाचायला घेतलं तरी नवा वाचक हरवत नाही.

कार्डावरचे हुद्दे नुसते शोभेचे नाहीत, ही त्यातली खरी खुबी. बॉबचा पाय सुरुवातीला अपघातामुळे जायबंदी आहे, त्यामुळे उड्या मारणं, भिंती चढणं त्याच्यानं होत नाही. तो ग्रंथालयात अर्धवेळ काम करतो. म्हणून जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, एखाद्या वाड्याचा इतिहास, कुठल्या नटाचं काय झालं, ही माहिती तोच आणतो. ती माहिती दुसरा कोणी आणू शकत नाही. पीट ताकदवान आणि चपळ आहे, पण भुताखेतांना घाबरणारा. ही उलटापालट मला फार आवडते. दणकट तो शूर, हा सोपा साचा मोडून लेखकानं दणकट मुलालाच आधी पळ काढायला लावलं, आणि त्यामुळे पीटचं प्रत्येक वाक्य पीटचंच वाटतं. ज्युपिटर विचार करताना खालचा ओठ चिमटीत धरून ओढतो. लहानपणी पडद्यावर गुबगुबीत बाळाचं काम केल्यामुळे, कोणी आपल्याला हसलेलं त्याला खपत नाही. म्हणजे त्याला काय खुपतं ते आपल्याला माहीत आहे. नुसती सवय आणि खुपणारी गोष्ट यांत फरक आहे. सवय ओळखायला मदत करते, खुपणारी गोष्ट त्याला काहीतरी करायला लावते.

तिघांच्या खिशात तीन रंगांचे खडू असतात. ज्युपिटरचा पांढरा, पीटचा निळा, बॉबचा हिरवा. जिथून जायचं तिथे भिंतीवर, कुंपणावर आपल्या रंगाचं प्रश्नचिन्ह काढायचं. मागून येणाऱ्याला निळं प्रश्नचिन्ह दिसलं की पीट इथून गेलाय. बाहेरच्याला वाटतं पोरांनी भिंत रंगवली. माणूस समोर नसतानाही तो कोण ते सांगणारी ही खूण. या मालिकेच्या लेखकाला ‘ओळखायचं कसं’ हा प्रश्न सुचला होता आणि त्यानं तो कथेतच घालून टाकला, असं मी म्हणतो. ही मालिका जर्मनीत इतकी रुजली की 1979 पासून तिच्या ध्वनिकथा निघत आहेत आणि तेच तीन अभिनेते तिघांचे आवाज देत आले आहेत. ऐकणाऱ्यापुढे खडू नसतो, म्हणून तिथे आवाजच खडूचं काम करतो.

ब्लायटनकडेही हे उत्तम जमलेली एक मालिका आहे, पण ‘फेमस फाइव्ह’ किंवा ‘सीक्रेट सेव्हन’इतकं तिचं नाव होत नाही. ‘फाइव्ह फाइंड-आउटर्स’, पंधरा पुस्तकं, 1943 ते 1961. पीटर्सवूड या खेड्यातली पाच मुलं आणि बस्टर नावाचा स्कॉटी कुत्रा. लॅरी आणि डेझी हे भाऊ-बहीण, पिप आणि बेट्स हे भाऊ-बहीण, आणि एकटा फॅटी. फॅटीचं पूर्ण नाव फ्रेडरिक अल्गर्नन ट्रॉटव्हिल. इंग्रजीत तिन्ही आद्याक्षरं जोडली की ‘फॅट’ होतं, म्हणून हे टोपणनाव. आज असं नाव ठेवलेलं खटकतं, खटकायलाच हवं. पण पुस्तकात फॅटीचं जाडेपण फार पुढे जात नाही. पुढे जातं ते त्याचं वेषांतर, आवाज बदलणं, बढाया, आणि गून नावाच्या गावातल्या पोलिसाला सतत चिडवणं. पहिल्या पुस्तकात म्होरक्या लॅरी असतो, पुढे म्होरकेपण फॅटीकडे जातं. मग लॅरी आणि डेझी जरा फिके पडतात. हाही नियमच आहे. ज्याचं काम दुसऱ्यानं घेतलं तो पुसट होतो.

आता एक प्रकरण जवळून बघू. 1945 चं ‘द मिस्ट्री ऑफ द सीक्रेट रूम’. रिकाम्या घरात एकच खोली नीट सजवलेली सापडते, आणि पुढे फॅटी त्या घरात दोघा गुन्हेगारांच्या तावडीत सापडतो. ते त्याला चिठ्ठी लिहायला लावतात, बाकीच्या मुलांनी इथे यावं म्हणून. फॅटी हुकूम पाळतो, पण ओळींच्या मध्ये अदृश्य शाईनं खरा निरोप लिहितो. शाई म्हणजे संत्र्याचा रस. रसानं लिहिलेलं वाळलं की दिसत नाही. गरम इस्त्री फिरवली की रस कागदाच्या आधी करपतो आणि तपकिरी अक्षरं उमटतात. घरी करून पाहता येतं, इस्त्री मोठ्यांनी धरायची आणि कागद जळेपर्यंत दाबायचं नाही एवढंच. लिंबाच्या रसानंही होतं.

चिठ्ठी मुलांकडे पोहोचते. आता विचार करा, टोळीत अजून चार जण आहेत, चिठ्ठी सगळ्यांनी बघितलीय. त्यांच्यापैकी ही मख्खी कोणी पकडायची? लॅरीनं पकडली असती तरी कथा चालली असती. ब्लायटन ती आठ वर्षांच्या बेट्सला देते. बेट्सला कागदाला संत्र्याचा वास येतो.

हा वास बेट्सलाच का यावा? कारण ती सगळ्यात लहान आहे, भाऊ तिला सारखा दटावतो, आणि बाकीचे बोलत असतात तेव्हा ती गप्प राहून बघत असते. फॅटी तिच्याशी चांगला वागतो, म्हणून त्याच्या प्रत्येक गोष्टीकडे तिचं बारीक लक्ष असतं. अदृश्य शाईची गंमत तिनं मन लावून पाहिलेली असते. आता कागदावरचे शब्द सगळ्यांना वाचता आले. कागदाचा वास मात्र ज्याचं प्रेम आहे त्यालाच आला. म्हणजे बेट्स ‘सगळ्यात लहान’ ही नुसती चिठ्ठी नाही. लहानपणामुळे तिला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही, आणि नेमकं तेच कथेला हवं असतं. हे एकदा वाचलं की बेट्सला कोणी विसरत नाही. माझी भाची त्या पानावर उठून बसली होती.

त्याच पुस्तकात फॅटीचाही एक हातखंडा आहे, बंद खोलीतून सुटण्याचा. दार बाहेरून कुलूपबंद, किल्ली बाहेरच्या बाजूनं कुलपातच. आतून दाराखालच्या फटीतून वर्तमानपत्र बाहेर सरकवायचं. मग तारेनं किल्ली आतून ढकलायची, ती बाहेर कागदावर पडते. कागद हळूच आत ओढायचा, किल्ली त्याच्याबरोबर आत. हेही फॅटीनं आधी मित्रांना करून दाखवलेलं असतं, म्हणून संकटात वापरलं तेव्हा ‘हे कुठून आलं’ असं वाटत नाही. भाचीनं लगेच आमच्या बेडरूमच्या दाराला करून पाहिलं. नाही झालं. आमच्याकडे दाराला उंबरा आहे, फटच नाही. शिवाय आजकालच्या लॅचमध्ये किल्ली राहत नाही. इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या दारांना जमणारी युक्ती आपल्याकडे उंबऱ्यालाच अडखळते. फॅटीला आमच्या घरी कोंडलं असतं तर पुस्तक तिथेच संपलं असतं.

एका पुस्तकात दोन कौशल्यं, दोन वेगळ्या मुलांची, आणि दोन्ही आधी पेरलेली. म्हणून फॅटी आणि बेट्स लक्षात राहतात, लॅरी आणि डेझी तितके नाही. आपल्याला आठवतं कोण, यावरून लेखकानं काम कोणाला दिलं ते ओळखता येतं.

आता तपासायची एक साधी रीत सांगतो. मी ती पेन्सिलची रीत म्हणतो. संवादाचं एखादं पान घ्यायचं आणि ‘पीटर म्हणाला’, ‘जॅनेट म्हणाली’ हे सगळं पेन्सिलनं झाकायचं किंवा खोडायचं. मग दुसऱ्याला वाचायला द्यायचं आणि विचारायचं, कोण काय बोललं. समजा एका जुन्या बंगल्यासमोर चार मुलं उभी आहेत:

“बघ, दिवा लागला!”
“अरे हो!”
“आत कोणीतरी आहे.”
“चला, बघूया.”

ही चार वाक्यं कोणत्याही चौघांत कशीही वाटा, काही बिघडत नाही. म्हणजे चौघं नाहीतच, एकच मूल चार तोंडांनी बोलतंय. आता हे बघा:

“दिवा लागला. पण येताना मी मीटर बघितलं, ते बंद होतं.”
“मी नाही आत येत. सायकली सांभाळते.”
“सांभाळते कसली, घाबरलीस म्हण.”
“सातच्या आत घरी, असं आजीनं सांगितलंय. सात वाजायला दहा मिनिटं आहेत.”

नावं न सांगताही आता चौघं दिसतात. एक बारकाईनं बघणारं, एक भित्रं पण हुशार, एक खोडकर, एक घड्याळावर चालणारं. प्रत्येकजण तोच दिवा बघतोय, फक्त कोण काय वेगळं बघतो ते लिहिलंय. ही रीत मी ‘सीक्रेट सेव्हन’च्या काही पानांवर वापरली. बऱ्याच ठिकाणी पीटर आणि जॅक सोडून बाकीचे पाच एकमेकांत मिसळून जातात.

पीटर का वेगळा राहतो? तो प्रमुख आहे, हुकूम सोडतो, कोणी बिल्ला विसरला की रागावतो. जॅक का? कारण जॅकला सूझी नावाची बहीण आहे. ती टोळीत नाही, तिला टोळीत यायचंय, आणि ती सात जणांची सारखी टर उडवते. मग जॅकनं काहीही केलं तरी त्याच्या मागे सूझी असते. बिल्ला हरवला तर सूझीनं घेतला, परवलीचा शब्द फुटला तर सूझीनं चोरून ऐकला. माझ्या मते मालिकेत सर्वांत जिवंत मूल हीच आगाऊ पोरगी, आणि तिच्यामुळे जॅकला स्वतःचा एक कोपरा मिळतो. टोळीतल्या मुलाला टोळीबाहेरचं नातं दिलं की तो लगेच उठून दिसतो. पॅमला असं बाहेरचं कोणी मिळालेलं नाही. कॉलिनलाही नाही.

मालिकेच्या पहिल्याच पुस्तकात एक दृश्य आहे, ते मला आता मुद्दाम लिहिल्यासारखं वाटतं. एका ओसाड घरावर रात्री पाळत ठेवायची असते. बाहेर बर्फ पडलेला. मुलांनी दिवसा शेतात बर्फाचे माणूस करून ठेवलेले असतात. रात्री पीटर, जॅक आणि त्यांचे मित्र पांढरे कपडे घालून त्याच बर्फाच्या माणसांच्या रांगेत उभे राहतात, कोणी पाहिलं तरी कळू नये म्हणून. पाळत ठेवायला इतकी भारी कल्पना क्वचित सुचते. फक्त गंमत अशी की त्या रात्री कोण मुलगा आणि कोण बर्फाचा माणूस हे कळत नाही, आणि एरवी दिवसाही त्यातले काही जण तसेच राहतात.

पण ब्लायटनला जमत नव्हतं असा अर्थ काढू नये, हेही सांगायला हवं. ‘सीक्रेट सेव्हन’ लहान वाचकांसाठी आहे. त्या वयाला मुलं वेगवेगळी असण्यापेक्षा क्लब महत्त्वाचा असतो. बिल्ले, परवलीचा शब्द, शेडच्या दारावरची अक्षरं, लिंबूपाणी आणि बिस्किटं. वाचणारं मूल आठवं सदस्य म्हणून आत शिरतं. तिथे सात जण फार ठळक असते तर आठव्याला जागाच राहिली नसती. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग पॅमची जागा मी घेते.” मला वाटतं, लेखिकेनं ती जागा तिच्यासाठीच मोकळी ठेवली होती.

नावांचा एक गोंधळ मात्र वाचकाला खरंच त्रास देतो. बंगालीतली षष्ठीपद चट्टोपाध्याय यांची ‘पांडव गोयेंदा’ मालिका घ्या. पाच मुलं आणि पंचू नावाचा कुत्रा. मुलांची नावं बाबलू, बिलू, भोंबल, बाच्चू आणि बिच्छू. शेवटच्या दोघी बहिणी. कानाला नावं छान लागतात, टोळी म्हणून तर फारच छान, एका घोषणेसारखी. पण नवीन वाचकाला दोन प्रकरणं तरी बाबलू आणि बिलू यांच्यात अडखळायला होतं. बाबलू म्होरक्या आणि त्याच्याकडे पिस्तूल आहे हे ठसलं की मगच घडी बसते. इथेही पुन्हा काम आणि हातातली वस्तूच नावाला वाचवते. ब्लायटनच्या मालिकांत तर आणखी एक घोटाळा आहे. ‘जॉर्ज’ हे नाव दोन टोळ्यांत आहे. ‘सीक्रेट सेव्हन’मधला जॉर्ज एक साधा मुलगा. ‘फेमस फाइव्ह’मधली जॉर्ज म्हणजे जॉर्जिना, जी जॉर्जिना म्हटलं तर ओ देत नाही.

‘फेमस फाइव्ह’ची एकवीस पुस्तकं 1942 ते 1963 या काळात आली. ज्युलियन, डिक आणि अ‍ॅन ही भावंडं, त्यांची चुलत बहीण जॉर्ज, आणि टिमी कुत्रा. जॉर्जला कोणी विसरत नाही. तिची स्वतःची होडी, स्वतःचं किरिन बेट, केस कापलेले, मुलगा म्हणून ओळखलं जावं ही ओढ, टिमीवर जीव आणि तापट डोकं. एवढ्या गोष्टी एका मुलीला दिल्यावर बाकीच्या तिघांसाठी काय उरणार? ज्युलियन मोठा, मोठ्यांसारखा बोलणारा. अ‍ॅन सगळ्यात लहान, गुहेतसुद्धा भांडी लावून ठेवणारी. राहिला डिक, आणि डिकची अडचण अशी की तो मधला आहे. ‘फाइव्ह गेट इन्टू ट्रबल’ या 1949 च्या पुस्तकात तर अपहरणच चुकीच्या मुलाचं होतं. रिचर्ड नावाच्या श्रीमंत घरातल्या मुलाला उचलायला आलेली माणसं डिकला नेतात, कारण डिक हे रिचर्डचंच घरगुती रूप. सगळ्या टोळीत ज्याला ओळखायला सर्वांत अवघड, त्याचीच ओळख चुकते यावर अख्खं पुस्तक उभं राहिलं, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

इंग्रजीत वाचताना न जाणवणारा एक मुद्दा मराठीत लगेच समोर येतो. इंग्रजीत जॉर्ज स्वतःबद्दल बोलताना तिच्या वाक्यावरून ती मुलगा की मुलगी हे कळत नाही. मराठीत तोंड उघडलं की क्रियापद सांगतं. ‘मी बेटावर जाते’ की ‘मी बेटावर जातो’? अनुवाद करणाऱ्याला इथे गप्प बसता येत नाही, निवडावंच लागतं. ‘जाते’ लिहिलं तर तिचा हट्ट पुसला जातो. ‘जातो’ लिहिलं तर निवेदनात ‘ती म्हणाली’ आणि संवादात ‘मी जातो’, अशी खडबडीत जोडी होते. मला ती खडबडीत जोडीच बरोबर वाटते, कारण जॉर्ज अशीच आहे. शिवाय कोल्हापूरकडे मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं सहज बोलतात, तिथल्या वाचकाला यात काही विचित्र वाटायचं कारण नाही.

क्रियापदाचा उलटा फायदाही आहे. मराठीत पेन्सिलची रीत वापरताना मुलगा-मुलगी असे दोन ढीग आपोआप वेगळे होतात. ‘सायकली सांभाळते’ म्हटलं की नाव न सांगताही मुलगी. त्यात अ‍ॅननं ज्युलियनला ‘दादा’ म्हणायला सुरुवात केली तर वयाचा क्रमही कळला. इंग्रजीत भावाला नावानंच हाक, मराठीत दादा, ताई. माझ्या मते टोळीच्या गोष्टी सांगायला मराठी जास्त सोयीची आहे, फक्त या सोयीमुळे लेखक आळशी होऊ शकतो. क्रियापदानं मुलगी असल्याचं कळलं म्हणजे कोणती मुलगी हे कळलं असं नव्हे. बार्बरा आणि पॅम मराठीत आणल्या तरी दोघीही ‘मी येते’च म्हणतील.

पुढच्या आठवड्यात भाचीनं सोसायटीतल्या चौघांची एक टोळी काढली. पहिल्या सभेत काय ठरलं विचारलं तर म्हणाली, नाव ठरलं नाही, केस मिळाली नाही, पण खडूंवरून भांडण झालं. सगळ्यांनाच निळा हवा होता. शेवटी ज्याला भुताची भीती वाटते त्यानं निळा घ्यायचा असं तिनं सांगितलं, आणि कोणीच पुढे येईना. मग एका मुलानं, सगळ्यात आडदांड त्यानं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हात वर केला.